पोटरीवरच्या फुगलेल्या नसा : पैसे आधी कशावर घालावेत?

साडीच्या दुकानातला काउंटर, सलून, पोळी-भाजी केंद्राचा ओटा, शाळेचा फळा, हॉस्पिटलचा वॉर्ड. या सगळ्या ठिकाणी दिवसाचे आठ-दहा तास उभ्याने जातात. काही वर्षांनी पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या, दोरीसारख्या नसा उठून दिसू लागतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, रात्री गोळे येतात. मग पैसे जाऊ लागतात: आधी तेलाची बाटली, मग मेडिकलमधून अंदाजाने आणलेले घट्ट मोजे, मग कोणीतरी सांगितले म्हणून थेट लेसरची चौकशी. या खर्चाचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. तो सुलटा कसा करायचा आणि प्रत्येक टप्प्याला साधारण किती पैसे लागतात, ते इथे पाहू. रुपयांचे आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी दरांचा अंदाज म्हणून दिले आहेत. तुमच्या गावात ते कमी-जास्त असतील.

पायात नेमके काय होते

पायातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नसांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. वर ढकलण्याचे काम पोटरीचा स्नायू करतो. चालताना तो आवळतो आणि नस पिळून रक्त वर पाठवतो. माणूस स्तब्ध उभा असला की घोट्याजवळच्या नसेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत जातो. निरोगी पायाने चालायला लागले की तोच दाब 30च्या खाली उतरतो. म्हणून दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा एका जागी उभ्या असणाऱ्या विक्रेत्याच्या पायांना जास्त त्रास होतो.

झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली उतरते, साचते आणि कातडीखालची नस ताणून फुगते. आईवडिलांना हा त्रास असणे, बाळंतपणे, वाढते वय आणि वजन ही त्यामागची कारणे असतात. उभ्याचे काम त्यात भर घालते. बिघडलेली झडप तेलाने, मालिशने किंवा गोळीने पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. फुगलेल्या नसेवर जोरात मालिश तर करूच नये. पाय वर ठेवणे आणि स्टॉकिंग या दोन्ही गोष्टी साचलेले रक्त वर जायला मदत करतात. त्रास आणि सूज त्यांनी कमी होते, पण नस नाहीशी होत नाही. पैसे घालण्यापूर्वी एवढे पक्के लक्षात असावे.

पहिला टप्पा : पाय वर ठेवणे, खर्च शून्य ते पन्नास रुपये

समोरच्या स्टुलावर पाय टाकून बसले की बरे वाटते, पण त्याने पाय छातीच्या पातळीच्या खालीच राहतात. रक्त सहज उतरावे यासाठी पाय छातीपेक्षा वर हवेत. त्यासाठी आडवे व्हायला लागते. पाठीवर झोपा आणि दोन उशा किंवा घडी घातलेली गोधडी पोटरीखाली लावा. आधार गुडघ्याच्या खालून टाचेपर्यंत सलग असावा. फक्त टाचेखाली उशी घेतली तर गुडघा मागे ताणला जातो आणि दुखतो. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. असे पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. त्या वेळात पावले पुढे-मागे हलवत राहिलात तर पोटरीचा स्नायूही कामाला लागतो.

कामावर हे जमवायचे तर जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटे उपयोगी पडतात. दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवे होऊन पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या तरी चालते. उभे असताना दर अर्ध्या तासाने टाचा उचलून चवड्यांवर या आणि खाली टेका, असे पंधरा वेळा करा. गिऱ्हाईक समोर असतानाही हे करता येते.

रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवतात. उंची साधारण पंधरा सेंटिमीटर होते आणि चार विटांना पन्नासेक रुपये लागतात. मात्र सपाट झोपल्यावर ज्यांना धाप लागते, ज्यांचे हृदय कमजोर आहे, ज्यांना रात्री घशाशी आम्ल येते किंवा ज्यांच्या पायाला शुद्ध रक्ताचा पुरवठाच कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विटा लावू नयेत.

याचा उपयोग होतो का, हे शिंप्याच्या टेपने कळते. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो, तिथला घेर सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपताना मोजा. आठवडाभर दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीला दीड सेंटिमीटरचा फरक असेल आणि तो अर्ध्यावर आला, तर उपाय लागू पडतो आहे. हीच नोंद पुढे डॉक्टरांकडे आणि दुकानातही कामी येते.

दुसरा टप्पा : तपासणी, 500 ते 7,500 रुपये

स्टॉकिंग घेण्याआधी एकदा सर्जनला, शक्यतो रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, पाय दाखवा. खासगी तपासणी 500 ते 1,500 रुपयांत होते. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत केसपेपरच्या नाममात्र पैशांत सर्जरीची ओपीडी मिळते, वेळ मात्र काढावा लागतो. इथला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न साधा आहे: पावलातली नाडी नीट लागते का? पायाला रक्त आणणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर घट्ट स्टॉकिंगने उरलासुरला पुरवठाही कमी होतो आणि जखम होऊ शकते. थोडे चालल्यावर पोटरी आवळून थांबावे लागत असेल, पावले गार पडत असतील, वर्षानुवर्षे तंबाखू किंवा विडी असेल, किंवा मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा असेल, तर ही तपासणी टाळून स्टॉकिंग घेऊच नका. शंका असली तर डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करतात.

डॉपलर सोनोग्राफी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी लागत नाही. नसा दिसतात, पण पाय दुखत नाहीत आणि कातडी चांगली आहे, अशा माणसाला ती थांबवता येते. सूज, दुखणे, कातडीचा रंग बदलणे यांपैकी काही असेल किंवा उपचाराचा विचार असेल, तर ती करावी. दोन्ही पायांचे 2,500 ते 6,000 रुपये होतात. ती करताना चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते पाहा. नसेत गुठळी आहे का, एवढेच बघायचे डॉपलर झोपवून केले जाते. झडपा गळतात का हे बघायला रुग्णाला उभे करून, पोटरी दाबून-सोडून, रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजावे लागते. चिठ्ठीवर फक्त ‘डॉपलर’ असेल तर ‘झडपांची गळती, उभ्याने’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर पैसे भरून हवे ते उत्तर मिळत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

तिसरा टप्पा : स्टॉकिंग, एक जोडी 1,200 ते 3,000 रुपये

वैद्यकीय स्टॉकिंगचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त असतो आणि वर गुडघ्याकडे कमी होत जातो. डब्यावर हा घोट्याचा दाब मिलिमीटर पाऱ्यात, म्हणजे एमएमएचजीमध्ये, छापलेला असतो. युरोपीय पद्धतीत पहिला वर्ग 18 ते 21 आणि दुसरा 23 ते 32 एमएमएचजी असतो. अमेरिकी पद्धतीत 15 ते 20, 20 ते 30 आणि 30 ते 40 असे टप्पे पडतात. त्यामुळे नुसता ‘क्लास टू’ मागू नका. डॉक्टरांकडून आकडाच लिहून घ्या आणि डब्यावर तोच आकडा शोधा. ज्या डब्यावर आकडाच नाही आणि फक्त ‘व्हेरिकोजसाठी’ असे छापले आहे, तो परत द्या. घरात कोणाच्या ऑपरेशनच्या वेळचे पांढरे मोजे पडले असतील तर तेही नकोत. ते अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णात गुठळी होऊ नये म्हणून असतात, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी नव्हेत.

बहुतेकांना गुडघ्याखालचे स्टॉकिंग पुरते. मांडीपर्यंतचे महाग असते, गरम होते आणि घसरते. आपल्याकडे चप्पल-सँडल वापरणाऱ्यांना बोटे उघडी असलेला प्रकार सोयीचा पडतो. परदेशी कंपन्यांची जोडी बऱ्याचदा 4,000च्या पुढे जाते. तिचे कापड पातळ असते आणि दाब जास्त दिवस टिकतो, पण सुरुवात देशी बनावटीच्या योग्य मापाच्या जोडीने करायला हरकत नाही. महाग पण चुकीच्या मापाच्या स्टॉकिंगपेक्षा ती नक्की चांगली.

आता मापाचे बघू. एक उदाहरण घेऊ. दादरच्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई. दोन्ही पोटऱ्यांवर नसा, डावीकडे जास्त, संध्याकाळी घोटे सुजतात, कातडी चांगली, पावलातली नाडी चांगली. डॉक्टरांनी 23 ते 32 एमएमएचजीचे गुडघ्याखालचे स्टॉकिंग लिहून दिले आहे. त्या कामावरून सुटल्यावर सर्जिकल दुकानात जातात. घोट्याचा घेर भरतो साडेतेवीस सेंटिमीटर. दुकानातल्या तक्त्यात 21 ते 23ला मध्यम आणि 23 ते 25ला मोठा साइज आहे, म्हणून मोठा मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घोटा बावीस भरतो. म्हणजे सूज मोजून साइज घेतला गेला. हे स्टॉकिंग सकाळी सैल बसते, घोट्याशी लिहिलेला दाब देत नाही आणि दुपारपर्यंत सूज पुन्हा जमते. दोन हजार रुपये गेले आणि बाई म्हणतात, ‘स्टॉकिंगने काही फरक पडत नाही.’

म्हणून मापे सकाळी, अंथरुणातून उठल्यावर लगेच घरीच घ्या. तीन आकडे हवेत: घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि गुडघा काटकोनात वाकवून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीच्या दोन बोटे खालपर्यंतची लांबी. दोन्ही पाय वेगळे मोजा. डावा-उजवा वेगळा भरला तर दोन साइज लागू शकतात. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो, म्हणून ‘मला मीडियम’ एवढे सांगून भागत नाही. साइज आधी घोट्याच्या मापाने ठरतो. त्या साइजमध्ये पोटरी बसत नसेल तर मोठा साइज घेऊ नका, दुसऱ्या कंपनीचा तक्ता पाहा किंवा मापावर शिवून घ्या. डबा उघडल्यावर बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, त्यामुळे पैसे देण्याआधी बदलून मिळेल का ते विचारा आणि पक्की पावती घ्या.

वर्षाचा हिशेब

स्टॉकिंग ही एकदाच घ्यायची वस्तू नाही. रोज वापरले, रोज धुतले की लवचिक धागा सैल पडतो. साधारण सहा महिन्यांनी त्याचा दाब भरवशाचा राहत नाही. एक धुवायला, एक पायात अशा दोन जोड्या लागतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्री धुतलेले स्टॉकिंग सकाळपर्यंत वाळतच नाही. दादरच्या या बाईंचे पहिले वर्ष असे पडते: सर्जनची तपासणी 800, दोन्ही पायांचे डॉपलर 4,000, सहा महिन्यांना दोन जोड्या म्हणजे वर्षाला चार, प्रत्येकी 1,800 प्रमाणे 7,200. एकूण 12,000 रुपये. पुढच्या वर्षापासून महिना 600 रुपये. तपासणी सरकारी रुग्णालयात झाली तर मोठा खर्च फक्त स्टॉकिंगचा उरतो.

पैसे कमी असतील तर जोडी कमी दर्जाची घेण्यापेक्षा संख्या कमी करा. एकच चांगली जोडी घ्या, घरी आल्याबरोबर धुवा आणि पंख्याखाली वाळवा. सहाशे रुपयांचे, आकडा नसलेले मोजे तीनदा घेण्यात तितकेच पैसे जातात आणि पायाला मिळत काही नाही.

घालणे, धुणे आणि चूक ओळखणे

स्टॉकिंग सकाळी, सूज येण्याआधी घाला. आंघोळ आधी करायची असेल तर पाय पूर्ण कोरडे करून पुन्हा दहा मिनिटे वर ठेवा. पैंजण आणि जोडवी काढा, कारण धागा त्यातच अडकतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, त्यांनी पकड येते आणि नखे लागत नाहीत. स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटे करा, पाऊल आत घाला, टाचेचा खिसा बरोबर टाचेवर आणा, मग उरलेला भाग थोडा थोडा वर सरकवा. वरची कड धरून ओढू नका. सुरकुती राहिली तर तळहाताने सपाट करा. लांबी जास्त वाटली तर वरची कड दुमडू नका, दुमडीशी दाब दुप्पट होऊन पट्टा आवळल्यासारखे होते. रात्री झोपताना काढा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा.

बरोबर मापाचे स्टॉकिंग घालायला कष्ट पडतात, पण घातल्यावर पोटरीला सगळीकडून सारखा आधार वाटतो. साध्या मोज्यासारखे सहज चढले तर ते सैल आहे किंवा म्हातारे झाले आहे. बोटे निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले, तर लगेच काढा. संध्याकाळी गुडघ्याखाली खोल वळ दिसत असेल, तर लांबी किंवा पोटरीचे माप चुकले आहे.

स्टॉकिंग कुठे थांबते

गळक्या झडपा स्टॉकिंगने बंद होत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, त्रास देणाऱ्या फुगलेल्या नसांवर मुख्य उपचार म्हणून स्टॉकिंग देऊ नये, नस बंद करण्याचे उपचार शक्य नसतील तेव्हाच द्यावे. या उपचारांत आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने आतून नस बंद करणे येते, ते जमण्यासारखे नसेल तर फेसाचे इंजेक्शन, आणि शेवटी नस काढण्याची शस्त्रक्रिया. गरोदरपणात मात्र त्रास कमी करायला स्टॉकिंगच वापरतात.

घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी, खरखरीत, खाजरी झाली, किंवा तिथे न भरणारी जखम झाली, तर स्टॉकिंगवर वर्षे काढू नका. खासगी रुग्णालयात लेसरचा खर्च एका पायाला साधारण 60,000 ते 1,20,000 रुपये होतो. अंदाजपत्रक मागताना ते एका पायाचे की दोन्ही, त्यात भूल, लेसरचा फायबर, नंतरचे डॉपलर आणि स्टॉकिंग धरले आहे का, हे लेखी घ्या.

पैसे भरण्याआधी तीन ठिकाणी चौकशी करा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयसी लागू असलेल्या ठिकाणच्या कामगाराने आधी ईएसआयसीच्या दवाखान्यात जावे आणि उपचारासोबत स्टॉकिंगचीही मागणी करून पाहावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला डॉपलरचा अहवाल दाखवून तुमची नेमकी प्रक्रिया यादीत आहे का ते विचारावे. स्वतःची विमा पॉलिसी असेल तर फुगलेल्या नसांसाठी प्रतीक्षेची मुदत किती आहे ते पाहावे. अनेक पॉलिसींत ती दोन वर्षांची असते.

लगेच रुग्णालय गाठा

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून कडक झाली, तर खोल नसेत गुठळी असू शकते. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल तर क्षणभरही थांबू नका. फुगलेल्या नसेला ठेच लागून रक्ताची धार लागली, तर लगेच आडवे व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने त्या जागी दहा मिनिटे सलग दाबून धरा आणि मग रुग्णालयात जा. वर दोरीने आवळून बांधू नका. उभे राहून रक्त पुसत बसण्यात बरेच रक्त जाते.

एक खर्च मालकाचाही

स्टॉकिंगचे महिना 600 रुपये कामगाराच्या खिशातून जातात, पण बसायला जागा देणे मालकाच्या हातात आहे. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी सोय करण्याची तरतूद 1948च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 मध्ये होती. दुकानांसाठी केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात बदल करून बसण्याचा हक्क दिला. कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी केरळात त्यासाठी आंदोलन केले होते. काउंटरमागे मावेल असे उंच स्टूल हजार-दीड हजार रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. डॉक्टरांकडून ‘दर तासाला पाच मिनिटे बसणे किंवा चालणे आवश्यक’ अशी चिठ्ठी घ्या, तिची प्रत मालकाला द्या, आणि शक्य असेल तर दुकानातल्या चौघींनी मिळून ती मागणी करा. एका जोडीपेक्षाही कमी पैशांत येणारे हे स्टूल काउंटरमागच्या सगळ्यांच्या पायांना उपयोगी पडेल.